पेन्सिल कुणाच्या हातात?

वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीला मागच्या बाकावरच्या मुलाशेजारी बसवायचं, ‘याला जरा भागाकार समजावून सांग’ म्हणायचं आणि आपण ऑनलाइन माहिती भरायला बसायचं, हा प्रकार महाराष्ट्रातल्या शाळांना नवा नाही. अलीकडे त्याला नाव मिळालं आहे. कुठे ‘विषयमित्र’ म्हणतात, कुठे ‘गटप्रमुख’. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही मुलांनी मुलांना शिकवण्याचा उल्लेख आहे. तो पायाभूत साक्षरता आणि अंकज्ञानाच्या प्रकरणात, परिच्छेद २.७ मध्ये येतो. पण तिथे त्याला तीन अटी जोडल्या आहेत: हे काम ऐच्छिक आणि आनंदाचं असावं, प्रशिक्षित शिक्षकाच्या देखरेखीखाली व्हावं आणि सुरक्षिततेची काळजी घेतली जावी. शाळांनी कल्पना उचलली आणि अटी धोरणाच्या कागदावरच राहिल्या.

त्या अटी पाळायच्या तर नेमकं काय करावं लागतं, हे एका वर्गाच्या आणि एका विषयाच्या उदाहरणावरून पाहता येईल. वर्ग सातवीचा, पट ४२, शिक्षिका एक, विषय भागाकार. भागाकारच का, तर घोडं तिथेच अडतं. ग्रामीण मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगतात, आणि ग्रामीण भारतातल्या आठवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना ते जमत नाही, असं २०२२ आणि २०२४ या दोन्ही वर्षी दिसलं. सातवीच्या शिक्षिकेला अभ्यासक्रमानुसार अपूर्णांक, गुणोत्तर, समीकरणं शिकवायची असतात आणि वर्गातल्या बऱ्याच मुलांचा चौथीतला भागाकार कच्चा असतो. दोन्ही कामं एका वेळी तिला जमत नाहीत. मुलांची जोडी उपयोगी पडू शकते ती या फटीत.

पण ती नेमकी कशाला उपयोगी पडते, हे आधी स्पष्ट हवं. भागाकार म्हणजे समान वाटणी, दशक सुटे करून एकक होतात, हातचा का घ्यायचा, ही समज बारा वर्षांचं मूल दुसऱ्या बारा वर्षांच्या मुलाला देऊ शकत नाही. ते शिक्षकाचंच काम. समज थोडीफार आली, पण उदाहरण सोडवताना हात चुकतो, अशा मुलाला मात्र चूक होते त्याच क्षणी थांबवणारं कुणीतरी शेजारी हवं असतं. ४२ वह्या शिक्षिका दुसऱ्या दिवशी तपासते, तोवर तीच चूक आठ उदाहरणांत घोटली गेलेली असते. सरावाच्या वेळी, जागच्या जागी दुरुस्ती, एवढंच जोडीदाराचं काम. याहून जास्त अपेक्षा ठेवली की योजना फसते.

जोड्या लावताना

पहिल्या नंबराला शेवटच्या नंबराशी जोडण्याचा मोह जवळजवळ सगळ्यांना होतो आणि तो टाळायलाच हवा. पहिल्या नंबराची मुलगी पायऱ्या मनातल्या मनात उरकते. सात आठे छप्पन्न न येणं म्हणजे काय असतं हे तिला खरोखरच कळत नाही, म्हणून दोन मिनिटांत ती कंटाळते आणि तिसऱ्या मिनिटाला उत्तर सांगून मोकळी होते. समोरच्या मुलाला तेवढंच हवं असतं.

आधी दहा उदाहरणांची चाचणी घ्यावी, वेळ तीस मिनिटं. दोन हातच्याच्या वजाबाक्या, दोन गुणाकार, दोन सरळ भागाकार, मध्ये बाकी उरून पुढच्या घरात जाते असे दोन, आणि भागाकारात शून्य येतो असे दोन. गुण मोजायचे, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणत्या प्रकाराला मूल अडलं ते टिपायचं. समजा, सहा मुलांची तीनपेक्षा कमी उदाहरणं बरोबर आली. त्यांना वजाबाकीच येत नाही. ही सहा मुलं जोड्यांमध्ये घ्यायची नाहीत. ती शिक्षिकेची. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा मार्गदर्शन देणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. ते वर्गमैत्रिणीच्या गळ्यात घालता येत नाही. सगळ्यात मागे पडलेली मुलं विषयमित्रांकडे आणि शिक्षक पुढच्या मुलांकडे, अशी उलटी वाटणी बऱ्याच ठिकाणी दिसते. ती कामचुकारपणाचीच एक रीत आहे.

उरली ३६. गुणांनुसार त्यांची उतरती यादी करायची, मधोमध दुभागायची आणि वरच्या अर्ध्यातल्या पहिल्याला खालच्या अर्ध्यातल्या पहिल्याशी जोडायचं. म्हणजे १ आणि १९, २ आणि २०, शेवटची जोडी १८ आणि ३६. प्रत्येक जोडीत अंतर सारखंच, अठरा जागांचं. मदत करता येईल इतकं मोठं आणि एकमेकांचं बोलणं कळेल इतकं लहान. अमेरिकेत वर्गांतर्गत जोड्यांवर काम झालं, त्यात ही दुभागणीची रीत रुळलेली आहे. यादी शिक्षिकेच्या वहीतच राहील, फळ्यावर नाही आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर तर मुळीच नाही.

यादीतून निघालेली जोडी जशीच्या तशी लावायची नसते. कुणाचं कुणाशी भांडण आहे, कुणाच्या घरांचा बांधावरून वाद चालू आहे, हे शिक्षिकेला ठाऊक असतं. सातवीच्या वयात निदान सुरुवातीला मुलींची जोडी मुलींशी आणि मुलांची मुलांशी ठेवली तर चिडवाचिडवी टळते. याहून नाजूक गोष्ट म्हणजे यादीचा वरचा अर्धा भाग. त्यात एकाच आळीची मुलं आणि खालच्या भागात वस्तीवरची मुलं असं चित्र दिसलं, तर ‘शिकवणारे’ आणि ‘शिकणारे’ ही विभागणी गावातल्या जुन्या उतरंडीवर नेमकी बसते, आणि शाळा स्वतःच्या हाताने तिला गणिताचा शिक्का देते. यावरचा उपाय जोड्या चतुराईने फिरवण्यात फारसा सापडत नाही. तो भूमिका अदलाबदल करण्यात आहे. त्याकडे पुढे येतो.

एका ठिकाणी मात्र वर्गमित्र शिक्षकापेक्षा सरस ठरतो: घरची भाषा वेगळी असते तिथे. नंदुरबारमध्ये पावरी किंवा भिली बोलणारं, गडचिरोलीत गोंडी बोलणारं मूल, ‘बाकी खाली उतरव’ हे प्रमाण मराठीत ऐकून बावचळतं. त्याच भाषेतला जोडीदार एका वाक्यात अडचण सोडवतो. अशा वर्गात भाषेला गुणांच्या क्रमापेक्षा वरचं स्थान द्यावं.

तीन तासिकांचं प्रशिक्षण, सगळ्यांना

प्रशिक्षण फक्त हुशार मुलांना द्यायचं नाही. ते ३६ जणांना द्यायचं, कारण प्रत्येक जण आळीपाळीने दोन्ही बाजूंना बसणार आहे. तीन तासिका पुरतात.

पहिल्या तासिकेत शिक्षिका एका मुलाला घेऊन वाईट शिकवणं करून दाखवते: पेन्सिल हिसकावते, ‘एवढं पण येत नाही?’ म्हणते, उत्तर सांगते. मुलं हसतात, कारण त्यांनी हे रोज पाहिलेलं असतं. मग काय चुकलं याची यादी तीच करतात. त्या यादीतून तीन नियम निघतात आणि ते फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे राहतात. पेन्सिल सोडवणाऱ्याच्या हातात. चूक दिसली की मनात पाचपर्यंत मोजायचं. ‘चूक’ हा शब्द न वापरता ‘ताळा करून बघ’ म्हणायचं.

दुसऱ्या तासिकेत मदतीच्या पायऱ्या. एक उदाहरण जवळून पाहू. ८२४ ÷ ४. सोडवणाऱ्या मुलाने उत्तर लिहिलं २६. चार दुणे आठ, मग खाली आला २, त्यात ४ जात नाहीत, म्हणून त्याने पुढचा ४ खाली घेतला, चार सक चोवीस, बाकी शून्य. बाकी शून्य आल्यामुळे त्याला उत्तर बरोबर आल्याची खात्रीच वाटते. प्रशिक्षण नसलेला जोडीदार इथे म्हणतो, ‘अरे, मध्ये शून्य लाव की!’ मुलगा शून्य लावतो. पुढच्या उदाहरणात गरज नसतानाही लावतो, कारण शून्य ‘मध्ये लावायचं’ असतं एवढंच तो शिकला.

प्रशिक्षण मिळालेली मुलगी आधी पाच मोजते. कधीकधी तेवढ्यात चूक आपोआप सापडते. नाही सापडली, तर म्हणते, ‘ताळा कर.’ भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी बरोबर भाज्य. चार गुणिले २६ म्हणजे १०४. भाज्य तर ८२४. काहीतरी बिनसलंय हे आता कागदच सांगतो, ती नाही. तरीही मुलगा अडला, तर पुढची पायरी प्रश्नाची: ‘आठशे रुपये चौघांत वाटले तर एकेकाला किती?’ दोनशे. ‘मग आठशे चोवीस वाटल्यावर सव्वीस कसे येतील?’ इथपर्यंत आल्यावर बहुतेक मुलं मागे जातात आणि दशकाच्या घरातला २ चारजणांत वाटता येत नाही म्हणून त्या घरात शून्य येतं, हे स्वतः शोधतात. यानेही भागलं नाही, तर ती कोऱ्या कागदावर दुसरंच उदाहरण, ६१२ ÷ ६, पायरी पायरीने बोलून सोडवते आणि ८२४ पुन्हा त्याच्याकडे देते. थांबणं, ताळा, प्रश्न, दुसऱ्या उदाहरणावर दाखवणं आणि मूळ उदाहरण परत सोडवून घेणं, हा क्रम. शेवटची पायरी मुलं हमखास गाळतात. दाखवून झालं की काम संपलं असं त्यांना वाटतं.

पाच सेकंद थांबणं ऐकायला सोपं आणि करायला अवघड असतं. मुलांना तर जमत नाहीच, मोठ्यांनाही जमत नाही. म्हणून ते टाळ्या किंवा बोटं मोजून प्रत्यक्ष घटवून घ्यावं लागतं. नुसतं सांगून उपयोग नाही.

तिसरी तासिका ‘मॅडमना कधी बोलवायचं’ यासाठी. या सगळ्या पायऱ्यांनंतरही उत्तर आलं नाही तर. जोडीदार रडला, चिडला किंवा एकदम गप्प झाला तर. आणि त्याने गणिताबाहेरचं काही सांगितलं, जे ऐकून पोटात गोळा आला, तर. या शेवटच्या गोष्टीकडे सुरक्षिततेच्या भागात येऊ.

तासिका कशी चालते

आठवड्यातून तीन दिवस, ३५ मिनिटांची तासिका, एकूण आठ आठवडे. पहिली तीन मिनिटं बसण्याची आणि कार्ड घेण्याची. मग बारा मिनिटं एक जण सोडवतो आणि दुसरा उत्तराचं कार्ड हातात धरून पाहतो. मग अदलाबदल, आणखी बारा मिनिटं. तीन मिनिटं वहीत नोंद. शेवटची पाच मिनिटं जोडी मोडून प्रत्येकाने एकट्याने सोडवायची दोन उदाहरणं; ती चिठ्ठी शिक्षिकेकडे जाते.

अदलाबदल हा या सगळ्याचा कणा आहे. एकोणिसाव्या क्रमांकाचं मूल पहिल्या क्रमांकाच्या मुलीला तपासणार कसं, असं कुणी विचारेल. उत्तराचं कार्ड त्यासाठीच असतं. त्यावर फक्त अंतिम उत्तर नसतं, मांडणीची प्रत्येक ओळ असते. ती ओळीशी ओळ जुळवून पाहताना खालच्या अर्ध्यातलं मूल बरोबर मांडणी डोळ्यांखालून घालतं, आणि पुढच्या मुलीचीही एखादी चूक त्याला सापडतेच. ती सापडली त्या दिवसापासून त्या जोडीतली ‘मी शिकवते, तू शिकतोस’ ही भाषा सैल पडते. कायमचा गुरू आणि कायमचा चेला असा प्रकार सातवीच्या वर्गात महिनाभरही सुखाने टिकत नाही.

कार्डं चार पातळ्यांची. ‘क’ वर ८४ ÷ ४ सारखी सरळ उदाहरणं, ‘ख’ वर ७२ ÷ ४ किंवा ६३५ ÷ ५ सारखी, ‘ग’ वर भागाकारात शून्य येणारी, ‘घ’ वर शेवटी बाकी उरणारी. प्रत्येक पातळीची सहा वेगवेगळी कार्डं, प्रत्येकाच्या तीन प्रती, म्हणजे ७२ कार्डं पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवायची. एका शनिवारी दोन शिक्षकांनी बसून होणारं काम आहे. कार्ड कोणतं घ्यायचं हे जोडीतल्या मागच्या मुलाच्या पातळीवरून ठरतं, पण पुढच्याला जे स्वतःला येत नाही ते कार्ड त्या जोडीला देता येत नाही. १८ आणि ३६ या जोडीत अठराव्याचंच शून्याचं उदाहरण चुकत असेल, तर ती जोडी ‘ख’ वरच राहील आणि ‘ग’ आधी शिक्षिका शिकवेल. कार्डांशिवाय, ‘पुस्तकातलं कुठलंही उदाहरण घ्या’ म्हणून जोड्या चालवल्या, तर पहिली सात मिनिटं उदाहरण निवडण्यात जातात आणि चुकीचं उत्तर दोघांनाही बरोबर वाटतं.

पहिले दोन आठवडे शिक्षिकेने फक्त फिरायचं. सहा मुलांच्या गटाला तेवढे दिवस इतर तासिकांत वेळ द्यावा लागतो, याला पर्याय नाही. तिसऱ्या आठवड्यापासून पहिली बारा मिनिटं ती वर्गाकडे तोंड करून त्या सहा जणांबरोबर बसते, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे सोडून वाटणी दाखवते. दुसऱ्या बारा मिनिटांत ते सहा जण तोच सराव करतात आणि ती फिरते. एका जोडीपाशी दोन मिनिटं धरली तर दिवसाला सहा जोड्या होतात, तीन दिवसांत अठरा. म्हणजे प्रत्येक जोडी आठवड्यातून एकदा तरी नजरेखालून जाते. वहीत तीनच नोंदी: पेन्सिल कुणाच्या हातात होती, थांबणं होतं का, मूळ उदाहरण परत सोडवलं का.

योजना फसतेय हे कुठे कळतं? सरावाच्या वहीत सगळं बरोबर आणि शेवटच्या चिठ्ठीवर दोन्ही चूक, असं लागोपाठ दोन-तीन वेळा आलं की समजावं, जोडीदार उत्तर सांगतोय. वही पाहिली तरी कळतं: खाडाखोड कुठेच नाही, दोघांची मांडणी ओळीगणिक सारखी. अशा जोडीला रागवून उपयोग नसतो. बहुधा त्यांना दिलेलं कार्ड फार अवघड असतं. एक पातळी खाली आणावं. तीन आठवडे चिठ्ठीत काहीच फरक पडला नाही, तर जोडी बदलावी किंवा ते मूल शिक्षिकेच्या गटात घ्यावं. चौथ्या आठवड्यानंतर सगळ्याच जोड्या नव्याने लावाव्यात. आणि चिठ्ठ्या दोघांच्याही पाहाव्यात. पुढच्या मुलीचे गुण घसरू लागले, तर तिचा वेळ खरोखर वाया जातोय, आणि तिच्या पालकांची तक्रार रास्त आहे.

ही तक्रार येतेच. ‘आमच्या मुलीला शिष्यवृत्तीची तयारी करायची आहे, तिने दुसऱ्यांना का शिकवावं?’ याला ‘शिकवल्याने ज्ञान वाढतं’ हे गुळगुळीत उत्तर देऊ नये. हिशोब द्यावा. आठवड्यातले तीन दिवस, दिवसाला बारा मिनिटं, शाळेच्या वेळेत, आठ आठवडे; उरलेली बारा मिनिटं ती स्वतः सोडवते आणि तिच्यासाठी कार्डाच्या मागे दोन अवघड शाब्दिक उदाहरणं असतात. घरी काही नाही. आणि तरीही नको असेल तर नको. तिला त्या वेळात वेगळं काम मिळेल आणि तिच्या गुणांवर, वर्गातल्या वागणुकीच्या शेऱ्यावर त्याचा काहीही परिणाम होणार नाही. ऐच्छिक म्हणजे हेच. ‘सगळ्यांनी स्वेच्छेने भाग घ्यायचा आहे’ अशी सूचना काढणाऱ्या शाळांनी त्या वाक्याकडे पुन्हा एकदा पाहावं.

सुरक्षितता म्हणजे नेमकं काय

दोन मुलांना जवळ बसवून एकाला दुसऱ्यावर थोडाफार अधिकार दिला की काही गोष्टी घडतात. जोडीदार डब्यातला खाऊ मागतो. ‘माझी वही पूर्ण कर, नाहीतर मॅडमना सांगेन तुला काही येत नाही’ म्हणतो. चिमटा काढतो, डोक्यात टपली मारतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे, आणि शिक्षकाने सोपवलेल्या कामात एका मुलाने दुसऱ्याला मारलं तर जबाबदारी मुलाची म्हणून शाळेला हात झटकता येणार नाहीत. म्हणून जोडीदाराचे अधिकार कागदावर कापून टाकायचे: गुण देणं नाही, शिक्षा नाही, फळ्यावर नाव लिहिणं नाही, तक्रारवही नाही. त्याच्याकडे फक्त उत्तराचं कार्ड असतं.

जागा आणि वेळ ठरलेली हवी. शिक्षकाच्या नजरेसमोर, वर्गात किंवा व्हरांड्यात, शाळेच्या वेळेत. रिकाम्या खोलीत नाही, प्रयोगशाळेत नाही, शाळा सुटल्यावर नाही, कुणाच्या घरी नाही. फोनवर किंवा गटात शंका विचारणं नाही. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ‘माझ्या घरी ये, शिकवतो’ हे मुलं आपापसांत ठरवतील तर ती त्यांची मैत्री आणि त्यांच्या पालकांची परवानगी. शाळेने ते योजनेचा भाग म्हणून सुचवायचं नाही. नववी-दहावीची मुलं पाचवी-सहावीला शिकवणार असतील, तर हे नियम आणखी कडक हवेत, कारण तिथे वयाची आणि ताकदीची तफावत मोठी असते.

दोघांपैकी कुणालाही, कारण न सांगता, जोडी बदलून मागता यावी. हे कसं मागायचं तेही सोपं हवं: शेवटच्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात एक चौकट, तिच्यात फुली मारली की पुढच्या तासिकेला जोडी बदललेली असेल. कारण विचारायचं नाही असं मुलांना सांगायचं आणि ते पाळायचं. पण एकाच मुलाशी जोडलेल्या दोघा-तिघांनी फुली मारली, तर शिक्षिकेने त्या मुलाशी एकांतात नव्हे, दुसऱ्या शिक्षिकेच्या उपस्थितीत बोलावं. शाळेत तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असतेच, निदान कागदावर. जोड्यांबद्दलच्या तक्रारी तिथेच याव्यात, वेगळी यंत्रणा नको. पेटी आठवड्यातून एकदा दोघांनी मिळून उघडावी.

आता ती पोटात गोळा आणणारी गोष्ट. शेजारी बसून आठवड्यामागून आठवडे काम करणाऱ्या मुलांमध्ये विश्वास निर्माण होतो आणि एखादं मूल घरातला मार, उपासमार किंवा कुणीतरी केलेला नको तो स्पर्श जोडीदाराला सांगून बसतं; वर ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणतं. बारा वर्षांच्या मुलीवर हे ओझं टाकून चालणार नाही. प्रशिक्षणात तिला एकच वाक्य शिकवायचं: ‘हे मी एकटी ठेवू शकत नाही, आपण मॅडमना सांगू.’ आणि एकच कृती, त्याच दिवशी मॅडमना सांगणं. तिने जास्त प्रश्न विचारायचे नाहीत, खरं-खोटं करायचं नाही.

पुढची जबाबदारी मोठ्यांची आणि ती कायद्याने बांधलेली आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. ‘आधी शाळेच्या पातळीवर चौकशी करू, मग बघू’ असा मार्ग कायद्यात नाही. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. जी शाळा जोड्या सुरू करते, तिच्या मुख्याध्यापकांनी हे आधी वाचलेलं असावं. प्रसंग आल्यावर कायदा शोधणाऱ्या शाळांत काय होतं, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलेलं आहे.

मद्रासचा अनुभव

ही कल्पना आपल्याकडे नव्याने आलेली नाही. उलट ती इथून गेली. १७८९ नंतर मद्रासजवळ एग्मोरच्या अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल या पाद्र्याने मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवायला सुरुवात केली. तिथल्याच एका देशी शाळेत मुलं वाळूत अक्षरं गिरवताना त्याने पाहिली होती. आपल्या शिक्षकांना ते करायचं नव्हतं म्हणून त्याने ते काम मुलांकडे दिलं. १७९७ मध्ये त्याने इंग्लंडमध्ये या पद्धतीवर पुस्तिका काढली, लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरने तशीच शाळा चालवली, आणि एका शिक्षकाच्या पगारात शेकडो मुलं शिकतात म्हणून ही ‘मद्रास पद्धत’ जगभर पसरली. तिचं आकर्षण स्वस्ताई हे होतं आणि ऱ्हासाचं एक कारणही तेच. घोकून घेण्यापलीकडे त्या मुलांना काही शिकवता येत नव्हतं, आणि १८४६ पासून इंग्लंडच्या सरकारनेच पगार देऊन उमेदवार शिक्षक तयार करण्याचा मार्ग धरला.

आजचे पुरावेही सरसकट अनुकूल नाहीत. स्कॉटलंडमधल्या फाइफ परगण्यात शेकडाभराहून अधिक प्राथमिक शाळांत मोठा प्रयोग झाला, त्यात वरच्या वर्गातल्या मुलांनी खालच्या वर्गाला शिकवण्याचा फायदा दिसला. त्याच धर्तीवर इंग्लंडमध्ये सहावीच्या मुलांनी चौथीला गणितात मदत करण्याचा प्रयोग तपासला गेला, तेव्हा गुणांत काहीही फरक आढळला नाही. म्हणजे जोड्या लावल्या की आपोआप शिकणं होतं असं नाही. म्हणून वरची चिठ्ठी, वरची नोंदवही आणि आठ आठवड्यांनी तीच दहा उदाहरणांची चाचणी पुन्हा घेणं यांना पर्याय नाही. फरक पडला नसेल तर आपल्या शाळेपुरती योजना बंद करण्याचीही तयारी हवी. अहवालातल्या छायाचित्रांसाठी ती चालू ठेवण्यात अर्थ नाही.

इथे मोठी भीती प्रशासनाची आहे. रिक्त पदं, एका शिक्षकाकडे दोन वर्ग, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं, अशा परिस्थितीत ‘विषयमित्र आहेत ना’ हे वाक्य फार सोयीचं पडतं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे. आपल्या उदाहरणातला ४२ चा वर्गच त्यात बसत नाही. विषयमित्रांच्या जोरावर वर्ग सांभाळला गेला, तर वर्गात शिक्षक नाही ही गोष्ट बाहेर कुणाला दिसणारच नाही.

त्यामुळे एक नियम पहिल्याच दिवशी लेखी ठरवावा. वर्गात शिक्षक हजर नसेल तर जोड्या बसणार नाहीत. जोड्यांच्या नोंदवहीत त्या तारखेपुढे ‘तासिका झाली नाही’ आणि शेजारी कारण लिहायचं: प्रशिक्षणाला पाठवले, मतदारयादीचं म्हणजे बीएलओचं काम, पद रिक्त. आठ आठवड्यांच्या २४ तासिकांपैकी अशा किती गेल्या, हा आकडा चाचणीच्या निकालासोबत शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवायचा, इतिवृत्तात घ्यायचा आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवून पोच घ्यायची.